डोमकळीचा व्हिडिओ कुणी उघडत नाही: कव्हरवर काय दाखवावं, काय लिहावं

प्रश्न: भाऊ, मी दारव्हा तालुक्यातली. घरच्या पऱ्हाटीवर पाऊण-एक मिनिटाचे उभे व्हिडिओ करते. जे उघडतात ते शेवटपर्यंत पाहतात, पण उघडतच नाही कुणी. डोमकळीच्या व्हिडिओवर मी माझा फोटो, चॅनलचं नाव आणि ‘कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे एकात्मिक व्यवस्थापन’ असं लिहिलं होतं. पुढचा व्हिडिओ हिरव्या बोंडातल्या अळीवर करणार आहे. कव्हरला कोणती फ्रेम घ्यावी आणि वर काय लिहावं?

उत्तर:

ताई, तुमचं कव्हर मी माझ्या फोनवर चॅनलच्या पानावर जाऊन पाहिलं, कारण लोक ते तिथेच पाहतात. तुम्ही बनवताना ते पूर्ण स्क्रीनभर दिसत होतं. चॅनलच्या पानावर मात्र एका ओळीत तीन व्हिडिओ बसतात. साधारण फोनची स्क्रीन सात सेंटीमीटर रुंद असते, म्हणजे एका कव्हरच्या वाट्याला सव्वादोन सेंटीमीटर येतात. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं. त्या नखाएवढ्या जागेत तुमचा अर्धा चेहरा, वर चॅनलचं नाव आणि खाली पाच मोठे शब्द आहेत. ‘व्यवस्थापन’ मला वाचताच आलं नाही, आणि मी चष्मा लावून पाहत होतो.

पहिल्यांदा एक गोष्ट वेगळी करून घेऊ. कव्हर सगळीकडे दिसत नाही. यूट्यूबवर शॉर्ट्स एकामागून एक सरकवत पाहणाऱ्याला कव्हर कधी दिसतच नाही, व्हिडिओ समोर आला की आपोआप सुरू होतो. त्याच्यासाठी सुरुवातीची फ्रेम हेच कव्हर. निवडलेलं कव्हर दिसतं ते ‘डोमकळी’ असं शोधणाऱ्याला, तुमच्या चॅनलवर आलेल्याला आणि यूट्यूबच्या पहिल्या पानावरच्या पट्टीत. आपल्याकडे आणखी एक जागा आहे, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी व्हिडिओची फाइल. तिथे चौकोनात सहसा सुरुवातीचीच फ्रेम दिसते, निवडायला काही मिळत नाही. म्हणून मी कव्हर वेगळं आणि सुरुवात वेगळी असं करत नाही. व्हिडिओचा पहिला दीड-दोन सेकंदांचा तुकडाच कव्हर म्हणून चालेल असा शूट करतो आणि त्यातलीच एक फ्रेम निवडतो. मग माणूस कुठूनही आला तरी त्याला तेच चित्र भेटतं, आणि टॅप केल्यावर जे पाहायला आला ते पहिल्याच क्षणी समोर असतं. तुमचा व्हिडिओ ‘नमस्कार शेतकरी बांधवांनो’ने सुरू होतो आणि डोमकळी अकराव्या सेकंदाला येते. तो नमस्कार चार सेकंदांनंतर घ्या, कुणी रागावणार नाही.

आता चित्राचं. तुमच्याकडे या विषयातलं फार बोलकं चित्र आहे आणि ते तुम्ही आत दडवून ठेवलं आहे. बोंडअळी फुलात शिरते, आतून पाकळ्या धाग्यांनी बांधून घेते, फूल उमलत नाही आणि गुलाबाच्या कळीसारखं गोळा होऊन राहतं. हीच डोमकळी. एका हातात ताजं उमललेलं फूल, शेजारी डोमकळी, एवढं जरी दाखवलं तरी ज्याच्या वावरात पऱ्हाटी आहे त्याचं बोट थांबेल. त्याला लगेच वाटतं, ‘असं फूल मी काल पाहिलं होतं का?’ कव्हरने एवढंच काम करायचं असतं. तुमच्या चेहऱ्याने ते होत नाही, कारण अनोळखी माणसाला तुमचा चेहरा पाहून स्वतःचं वावर आठवत नाही. ओळख झालेल्या माणसांसाठी चेहरा चालतो, पण त्यांना टॅप करायला लावायची तुमची अडचण नाहीच.

हे चित्र कोणत्या वेळी काढायचं याला फार महत्त्व आहे, आणि इथे मी स्वतः चुकलो आहे. आपल्या नेहमीच्या कपाशीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा पांढरट-पिवळसर असतं. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होतं आणि मिटतं. मी एकदा दुपारी चार वाजता शूट केलं आणि शेजारी ठेवायला जे ‘चांगलं’ फूल घेतलं ते आदल्या दिवशीचं निघालं. मिटलेलं, गुलाबी. कव्हरवर दोन्ही फुलं सारखीच दिसत होती. आर्वीच्या एका काकांनी पाहिलं आणि म्हणाले, ‘हे त कालचं फूल हाये ना भाऊ, यात रोग कुठं?’ त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून मी डोमकळीचं चित्र सकाळी आठ ते दहाच्या मध्येच काढतो. तेव्हा चांगलं फूल पूर्ण उघडलेलं असतं आणि न उमललेलं फूल ताबडतोब वेगळं कळतं.

दुसरी चूक फार जवळ जाण्याची. एका कव्हरवर मी नुसती डोमकळी भरून टाकली, पान नाही, हात नाही. चहाच्या टपरीवर एका पोराला दाखवलं तर तो म्हणाला, ‘गुलाब हाये काय?’ म्हणून कपाशीचं एक तरी पान फ्रेममध्ये राहू द्या. ते बोटांसारखं फाटलेलं पान नखाएवढ्या चित्रातही ओळखू येतं. आणि हात ठेवाच. हातामुळे आकार कळतो, आणि तळहाताचा रंग फुलामागे आला की हिरव्या गर्दीतून फूल सुटं होतं.

फोन फुलापासून एक वीतभर तरी लांब धरा. बऱ्याच फोनचा मुख्य कॅमेरा फार जवळून नीट फोकस करत नाही आणि चित्र किंचित धूसर येतं. मोठ्या स्क्रीनवर ते चालून जातं, लहान कव्हरवर फूल म्हणजे पांढरा डाग होतो. जवळून हवं असेल तर वीतभर अंतर ठेवून दुप्पट झूम करा. पांढरं फूल आणि गडद पानं एकत्र आली की फोन पानांकडे पाहून उजेड वाढवतो आणि पाकळ्या जळून जातात. त्यासाठी स्क्रीनवर फुलावर बोट ठेवा, बाजूला जो सूर्याचा आकार येतो तो थोडा खाली ओढा, पाकळीवरची रेघ दिसू लागली की थांबा. पेरणीनंतर दीड-दोन महिन्यांनी, म्हणजे आपल्याकडे ऑगस्टच्या मध्यापासून, डोमकळ्या दिसू लागतात. तेव्हा आभाळ बहुधा भरलेलं असतं आणि तो मऊ उजेड या कामाला कडक उन्हापेक्षा बरा. फुलं हातात धरल्यावर दोन सेकंद अगदी स्थिर राहा. ॲपमध्ये फ्रेम निवडताना पट्टी नेमक्या फ्रेमवर थांबत नाही, इकडेतिकडे सरकते. दोन सेकंद सगळ्या फ्रेम सारख्या असतील तर ती कुठेही थांबली तरी चित्र स्वच्छ येतं. हलणाऱ्या हाताची फ्रेम कव्हरला घेऊन मी पुष्कळ चांगले व्हिडिओ वाया घालवले आहेत.

आता शब्द. तुमची ओळ वाईट मराठी नाही, ती चुकीच्या जागी आहे. ‘कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे एकात्मिक व्यवस्थापन’ हे पुस्तिकेच्या धड्याचं नाव झालं. धडा उघडायचं आधीच ठरलेल्या माणसाला ते उपयोगी पडतं. ही ओळ तुम्ही व्हिडिओच्या शीर्षकात ठेवा, तिथे ‘गुलाबी बोंडअळी’ आणि ‘डोमकळी’ हे शब्द हवेतच, कारण लोक तेच टाइप करून शोधतात. कव्हरवर तेच परत लिहू नका. बऱ्याच ठिकाणी शीर्षक कव्हरच्या पोटात किंवा खालीच दिसतं, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगून होते.

मी अशा वेळी कागदावर चार-पाच ओळी लिहून काढतो. तुमच्या व्हिडिओसाठी लिहिलेल्या तशाच सांगतो. पहिली आली ‘डोमकळी कशी ओळखावी’. खरी आहे, पण ज्याला डोमकळी हा शब्दच माहीत नाही त्याला तिच्यात काही नाही, आणि त्यालाच तर ती ओळखायला शिकवायची आहे. दुसरी ‘सावधान! कपाशी उद्ध्वस्त’. ही मी लगेच खोडली. एका डोमकळीने कपाशी उद्ध्वस्त होत नाही. तिसरी ‘डोमकळीत अळी असते’. हिने उत्तर देऊनच टाकलं, आता उघडायचं कशाला? चौथी ‘या फुलात काय आहे?’ बरी आहे, पण ती फुलाच्या कोणत्याही व्हिडिओवर चालेल, आणि ‘काय आहे पाहा’ अशा ओळींना लोक कंटाळले आहेत. पाचवी ‘हे फूल उमलणार नाही’. ही ठेवली.

तिच्यात एक साधी, खरी माहिती आहे. चित्रात माणूस दोन फुलं पाहतो, एक उमललेलं, एक मिटलेलं. त्याला वाटतं मिटलेली कळी उद्या उमलेल. ओळ सांगते, नाही उमलणार. आता ‘का’ हा प्रश्न त्याचा स्वतःचा झाला, आणि उत्तर मिळवायला त्याला टॅप करावंच लागतं. कव्हरवरचे शब्द मी नेहमी असे तपासतो: चित्र झाकून नुसते शब्द वाचले तर अर्थ अर्धा राहायला हवा, आणि शब्द झाकून नुसतं चित्र पाहिलं तरी अर्धाच. दोन्ही मिळून प्रश्न उभा राहतो. ‘हे’ या शब्दाला चित्राशिवाय अर्थ नाही, म्हणून तो मला आवडतो. चित्राकडे बोट दाखवणारा शब्द आहे तो.

अक्षरांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण मी कव्हर करायच्या आधी कित्येक वर्षं कृषी केंद्रांच्या पाट्या आणि ट्रॉलीवरची नावं रंगवली आहेत. देवनागरी लहान झाली की इंग्रजीसारखी नुसती बारीक होत नाही, ती बुजते. अक्षराच्या वर मात्रा-वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, या सगळ्यांना जागा लागते. सव्वादोन सेंटीमीटरच्या कव्हरवर अनुस्वाराचा टिंब पहिल्यांदा हरवतो, ‘पंप’चा ‘पप’ होतो. त्यानंतर ‘द्ध’, ‘ष्ट’, ‘क्ष’ यांचे पोकळ भाग भरून डाग होतो. ‘हे फूल उमलणार नाही’ यात एकही जोडाक्षर नाही, एकही अनुस्वार नाही. चार शब्द, ओळखीची वळणं. ‘उद्ध्वस्त’ त्या जागी लिहून पाहा, फरक डोळ्यांनी दिसेल. एकाच अर्थाचे दोन शब्द असतील तर मी कमी जोडाक्षरांचा घेतो.

दोन ओळी करा, वर ‘हे फूल’, खाली ‘उमलणार नाही’. वरच्या ओळीतल्या ‘फू’चा ऊकार खाली लोंबतो, म्हणून दोन ओळींत जागा नेहमीपेक्षा थोडी जास्त ठेवा, नाहीतर तो खालच्या शिरोरेषेला चिकटतो. १०८० पिक्सेल रुंदीच्या कव्हरवर अक्षराचा आकार १६०च्या आसपास घ्या. म्हणजे लहान कव्हरवर अक्षराचा मुख्य भाग सुमारे दोन मिलिमीटर उतरतो, त्याहून कमी झालं की वयस्क माणसाला जमत नाही. फॉन्ट साधा, जाड: ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ फुकट मिळतात, दोन्ही चालतात. अक्षरांभोवती जाड काळी किनार देऊ नका. इंग्रजीवर ती शोभते, आपल्या अक्षरांत ती ‘ण’, ‘ह’ यांची पोटं भरून टाकते. त्याऐवजी अक्षरांमागे गडद हिरवी किंवा काळी सपाट पट्टी द्या आणि वर पिवळी अक्षरं लिहा. एसटीतून जाताना दुरून वाचता यावी म्हणून आम्ही पाटीवर हेच करायचो.

पट्टी कुठे ठेवायची? तळाशी नाही. तिथे चॅनलच्या पानावर किती जणांनी पाहिलं तो आकडा येतो, आणि व्हिडिओ चालू असताना तुमचं नाव व शीर्षक. उजव्या कडेलाही खालच्या अर्ध्या भागात लाइक आणि शेअरची चिन्हं असतात. इन्स्टाग्रामवर तोच व्हिडिओ टाकत असाल तर प्रोफाइलवर उभं चित्र कापलं जातं. पूर्वी मधला चौकोनच दिसायचा, जानेवारी २०२५पासून तीनास चार असं थोडं उंच माप आलं. १०८० बाय १९२०च्या चित्रात त्यामुळे वरचे आणि खालचे २४० पिक्सेल जातात. मी अजूनही जुना चौकोन धरूनच चालतो, म्हणजे वरून-खालून ४२० पिक्सेल सोडून जे उरतं त्यातच शब्द आणि फूल दोन्ही बसवतो. त्या भागात वरच्या तिसऱ्या हिश्श्यात पट्टी, खाली हात आणि दोन फुलं. वरचं मोकळं आभाळ किंवा पानं कापली गेली तरी काही बिघडत नाही. चॅनलचं नाव कव्हरवर नकोच, ते बाजूला असतंच.

हे शब्द व्हिडिओच्याच पहिल्या दीड सेकंदावर एडिट करताना चढवा, वेगळ्या चित्रावर नाही. यूट्यूबवर शॉर्टची फ्रेम फोनच्या ॲपमधून अपलोड करतानाच निवडायची असते. पुढे बदलता येईल असं धरून चालू नका, अपलोडचं बटण दाबायच्या आधी पेन्सिलच्या खुणेवर जाऊन फ्रेम नक्की करा. इन्स्टाग्रामवर कव्हर नंतरही बदलता येतं आणि गॅलरीतलं चित्रही लावता येतं, म्हणून तिथले तुमचे जुने व्हिडिओ एका संध्याकाळी सुधारून होतील. काही जण कव्हरचं चित्र व्हिडिओच्या अगदी शेवटी क्षणभर टाकतात आणि तिथून निवडतात. मला ते पटत नाही. व्हिडिओ फिरून परत सुरू होताना ते चित्र मध्येच चमकतं, आणि व्हॉट्सॲपवर तर त्याचा काहीच उपयोग नाही.

सगळ्याच विषयांत दाखवायला डोमकळीसारखं चित्र नसतं. तुमचा पुढचा व्हिडिओ हिरव्या बोंडातल्या अळीवर आहे असं तुम्ही लिहिलं आहे. तिथे अडचण उलटी आहे. अळी बोंडात शिरल्यावर तिचं छिद्र बुजतं आणि बोंड बाहेरून ठणठणीत दिसतं. बहुतेक जण कव्हरवर फोडलेलं बोंड आणि आतली गुलाबी अळी दाखवतात. ते चित्र जोरदार आहे, पण पाहणाऱ्याला तिथेच सगळं मिळून जातं. मी न फोडलेलं बोंड दाखवेन. दोन्ही अंगठे बोंडाच्या शिवणीवर टेकलेले, फोडायच्या बेतात, आणि वर ‘फोडून पाहिलं का?’ एवढंच. व्हिडिओ याच क्षणापासून सुरू होऊ द्या आणि तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला बोंड फुटू द्या. त्याला ताटकळत ठेवू नका. वीस सेकंद थांबवलंत तर तो निघून जाईल आणि पुढच्या वेळी तुमच्या कव्हरवर विश्वासही ठेवणार नाही.

विश्वासाचं बोललो म्हणून ‘उद्ध्वस्त’कडे परत येतो. २०१७ साली विदर्भात बोंडअळीने जे केलं ते लोक विसरलेले नाहीत. भीतीच्या शब्दाने टॅप मिळतो, हे मी पाहिलं आहे. पण तो व्हिडिओ पाहून कुणी चार डोमकळ्या दिसताच पंप पाठीवर घेतला, तर खर्च आणि धोका त्याचा. शिफारस अशी आहे की फुलांत किंवा हिरव्या बोंडांत १० टक्के प्रादुर्भाव दिसला, किंवा कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग आले, की फवारणीचा विचार करायचा. वीस बोंडं फोडून दोनमध्ये अळी निघाली तर ते १० टक्के झालं. हा आकडा व्हिडिओत सांगा, आणि कव्हरवर असं काही लिहू नका जे या आकड्याशी भांडेल. ‘हे फूल उमलणार नाही’ हे एका फुलाबद्दल शंभर टक्के खरं आहे, आणि पूर्ण वावराबद्दल काहीच बोलत नाही. इंटरनेटवरून दुसऱ्याच्या वावरातला भयानक फोटो कव्हरला उचलणं तर अजिबात नको. पऱ्हाटी पाहत मोठी झालेली माणसं वाण, पान, माती यांवरून एका नजरेत ओळखतात.

अपलोड करण्याआधी एक चाचणी करा. कव्हर व्हॉट्सॲपवर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला पाठवा, आणि त्यांच्याच फोनवर, अंगणातल्या उजेडात, न उघडता लहानच दाखवा. ‘कसं वाटलं’ असं विचारू नका, लोक चांगलंच म्हणतात. विचारा, ‘काय दिसते?’ आणि ‘काय लिवलं हाये?’ दोन्हींचं उत्तर लगेच आलं तर ठीक. फूल ओळखलं पण शब्द वाचता आले नाहीत तर अक्षर मोठं करा किंवा एक शब्द कमी करा. शब्द वाचले पण फूल कळलं नाही तर परत वावरात जावं लागेल, ते एडिट करून सुधारत नाही.

नंतर फरक पडला का हे यूट्यूब स्टुडिओत पाहताना नुसत्या व्ह्यूजवर जाऊ नका. ३१ मार्च २०२५पासून शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू मोजला जातो, किती वेळ पाहिला याची अट नाही, त्यामुळे तो आकडा फुगलेला दिसतो. सरकवत पाहणारे किती थांबले आणि किती पुढे सरकले ते शॉर्टच्या आकडेवारीत वेगळं दिसतं, आणि तो निकाल सुरुवातीच्या फ्रेमचा असतो. कव्हरचा निकाल पाहायचा तर प्रेक्षक कुठून आले त्या यादीत यूट्यूब सर्च आणि चॅनलचं पान यांतून आलेले किती ते पाहा. एका व्हिडिओवरून ठरवू नका. हंगामात पाऊस, बाजारभाव, काहीही झालं की आकडे हलतात. पाच-सहा व्हिडिओ या पद्धतीने करा आणि त्याच विषयांवरच्या जुन्या पाच-सहांशी तुलना करा.

डोमकळीचा व्हिडिओ मात्र जुना तसाच राहू द्या आणि नवीन करा. कव्हर बदलूनही तो अकरा सेकंद नमस्कारच करणार. येत्या ऑगस्टमध्ये, सकाळी नऊच्या आत, हात धुऊन वावरात जा. पहिला तुकडा फुलांचाच घ्या, तुमचा आवाज त्यावरच सुरू होऊ द्या: ‘हे फूल उमलणार नाही. आत कोण बसलंय, दाखवते.’ आणि पाकळ्या सोडवायला सुरुवात करा.